पाटल्या मोडायच्या की घडवायला द्यायच्या? घडणावळीवरच्या कराचा हिशेब

*मुलीच्या लग्नात तिला तोडे करायचे आहेत, साधारण ३६ ग्रॅमचे. घरात सासूबाईंच्या जुन्या पाटल्या आहेत, ४० ग्रॅम भरतात. गोखले रोडवरच्या एका दुकानातून नव्या तोड्यांचं एस्टिमेट घेतलं, त्यात सोन्यावर ३ टक्के आणि मजुरीवर ५ टक्के जीएसटी लावलाय. जांभळी नाक्याजवळच्या दुकानाने सगळ्या रकमेवर ३ टक्केच लावला. तिसऱ्याचं म्हणणं, पाटल्या आमच्याकडे द्या, त्यातूनच तोडे घडवतो, मग सोन्यावर करच नाही, फक्त मजुरीवर ५ टक्के. तिघांपैकी बरोबर कोण आणि मी काय करू?*
*— एक वाचक, नौपाडा, ठाणे*

ताई, दुसऱ्या दुकानाचं एस्टिमेट बरोबर आहे आणि पहिल्याचं चुकलेलं आहे. तिसऱ्याचं म्हणणं कायद्याला धरून असू शकतं, पण त्यात तुमचा फायदा होईलच असं नाही. तो होणार की नाही हे घडवताना सोन्याची घट किती धरतात यावर ठरेल, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही. म्हणून आधी पहिल्या दोन दुकानांचं निकालात काढू आणि मग तिसऱ्याकडे सावकाश बघू.

दुकानदार तुम्हाला तयार तोडे विकतो तेव्हा तो तुम्हाला सोनं वेगळं आणि मेहनत वेगळी विकत नसतो. तो एक दागिना विकतो. बिलात सोन्याची किंमत आणि घडणावळ अशा दोन ओळी असतात त्या फक्त भाव कळावा म्हणून. जीएसटी कायद्यात अशा एकत्र विक्रीला संयुक्त पुरवठा म्हणतात, आणि त्यात जी मुख्य वस्तू असेल तिचाच दर सगळ्या रकमेला लागतो. इथे मुख्य वस्तू दागिना आहे. दागिन्याचा दर ३ टक्के, म्हणजे १.५ टक्के केंद्राचा आणि १.५ टक्के राज्याचा. तेव्हा सोनं अधिक घडणावळ या बेरजेवर सरसकट ३ टक्के.

मग मजुरीवरचा ५ टक्के आला कुठून? तो दर खरा आहे, फक्त तुमच्या बिलातला नाही. दुकानदार आपलं सोनं कारागिराकडे पाठवतो आणि कारागीर त्याचे तोडे घडवून परत देतो. सोनं दुकानदाराचं, मेहनत तेवढी कारागिराची. नोंदणी असलेला कारागीर या कामाचं बिल लावतो त्यात मजुरीवर ५ टक्के येतो, आणि दुकानदाराला त्या कराची वजावट पुढे स्वतःचा कर भरताना मिळते. याला जॉब वर्क म्हणतात, आणि हा त्या दोघांमधला व्यवहार झाला. तो दर उचलून गिऱ्हाइकाच्या बिलात टाकायचं कारण नाही. इंटरनेटवर मात्र ‘सोन्यावर ३, मजुरीवर ५’ हे इतक्या ठिकाणी छापलंय की काउंटरवरची मुलंही तेच खरं धरून चालतात. पहिल्या दुकानाने मुद्दाम फसवलं असं समजू नका. पण दुरुस्त करून घ्या.

आकडे मांडू म्हणजे नीट कळेल. हिशेब सोपा जावा म्हणून २२ कॅरटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरते. तुम्ही त्या दिवशीचा भाव घाला. ३६ ग्रॅमचे ३,६०,००० रुपये. घडणावळ १२ टक्के धरली तर ४३,२०० रुपये. एकूण ४,०३,२०० रुपये. यावर ३ टक्के म्हणजे १२,०९६ रुपये कर. पहिल्या दुकानाच्या पद्धतीने सोन्यावर १०,८०० आणि मजुरीवर २,१६०, मिळून १२,९६० रुपये होतात. म्हणजे ८६४ रुपये जास्त. दुकानदाराला एवढंच म्हणा, “तुम्ही दागिना विकताय, जॉब वर्क करत नाही आहात, पूर्ण रकमेवर ३ टक्के लावा.” मजुरीवर सूट जाहीर केली असेल तर ती बिलावर दाखवून, उरलेल्या रकमेवर कर लावलाय ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

आता पाटल्या. जुनं सोनं देऊन नवं घेण्याचे दोन रस्ते आहेत आणि कराच्या दृष्टीने ते अगदी वेगळे आहेत.

पहिला रस्ता मोडीचा. तुम्ही पाटल्या दुकानाला विकता आणि दुकान तुम्हाला तोडे विकतं. पैसे मात्र फरकाचेच दिले जातात, म्हणून तो एकच व्यवहार वाटतो. कायद्याला ते दोन व्यवहार दिसतात. तुम्ही घरचं सोनं विकता तो काही तुमचा धंदा नाही, त्यामुळे त्या विक्रीवर जीएसटी नाही. पण दुकानाने विकलेल्या तोड्यांवर मात्र पूर्ण किमतीवर ३ टक्के लागतो. फरकाच्या रकमेवर नाही. “आम्ही फक्त फरकावर कर घेतो” असं कुणी म्हणालं तर त्याचं बिल कच्चं आहे असं समजा.

दुसरा रस्ता घडवून घेण्याचा. सोनं तुमचं ते तुमचंच राहतं, दुकान ते वितळवून त्याचे तोडे करतं आणि फक्त मजुरी घेतं. यात सोन्याची विक्रीच झालेली नाही, म्हणून धातूच्या किमतीवर कर नाही. कर फक्त मजुरीवर. तुमचा तिसरा दुकानदार हेच सांगतोय.

पण दर ५ टक्केच का, हे त्याला जरूर विचारा. ५ टक्क्यांचा दर दागिन्यांच्या जॉब वर्कसाठी आहे, आणि जीएसटी कायद्यातली जॉब वर्कची व्याख्या म्हणते की माल दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीचा असला पाहिजे. तुम्ही गृहिणी, तुमची नोंदणी नाही. नोंदणी नसलेल्याच्या मालावर केलेलं घडणीचं काम १८ टक्क्यांच्या कलमात जातं, असा त्या व्याख्येचा सरळ अर्थ निघतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर २०१९ च्या परिपत्रकात इतर मालाच्या जॉब वर्कबद्दल हाच फरक समजावून सांगितला होता. व्यवहारात पुष्कळ दुकानं घरगुती गिऱ्हाइकालाही ५ टक्केच लावतात. तुम्ही एवढं करा, कुठला दर लावणार ते एस्टिमेटवर लेखी घ्या आणि तुमचा हिशेब दोन्ही दरांनी करून ठेवा. १८ टक्क्यांनीही रस्ता परवडत असेल तर निश्चिंतपणे जा.

हिशेब वजनापासून सुरू होतो. पाटल्या ४० ग्रॅम भरतात म्हणजे तुमच्याकडे ४० ग्रॅम २२ कॅरट सोनं आहे असं नाही. जुन्या पाटल्यांत जोडांना सोल्डर असतं, कानाकोपऱ्यांत मळ असतो, पोकळ असतील तर आत लाखही निघते. समजा वितळवल्यावर ३९.२ ग्रॅमची लगड झाली आणि कॅरटमीटरवर तिचा टच ८८ आला. म्हणजे त्यात चोख सोनं ३९.२ × ०.८८, साधारण ३४.५ ग्रॅम. २२ कॅरट म्हणजे ९१.६ टक्के, तेव्हा या चोख सोन्याला ०.९१६ ने भागलं की ३७.६६ ग्रॅम येतात. हा आकडा लक्षात ठेवा: तुमच्या ४० ग्रॅमच्या पाटल्या म्हणजे ९१६ चं ३७.६६ ग्रॅम सोनं. कॅरटमीटर फक्त पृष्ठभाग वाचतं, म्हणून न वितळवता नुसत्या पाटल्यांवर लावलेला टच धरू नका, तो वरही चुकतो आणि खालीही. लगडीवरचा टच धरायचा.

मोडीच्या रस्त्याने बघू. जुन्या सोन्याला पूर्ण भाव दिला तर ३७.६६ ग्रॅमचे ३,७६,६०० रुपये. तोडे करासह ४,१५,२९६ रुपये. हातातून द्यायचे ३८,६९६. दुकान जुन्या सोन्यावर २ टक्के कापत असेल तर आणखी ७,५३२ रुपये वाढतील, तेव्हा कपात आहे का हे पहिल्याच वाक्यात विचारा.

घडवून घेण्याच्या रस्त्याने तीच मजुरी धरू, ४३,२०० रुपये, आणि वर ५ टक्के म्हणजे २,१६०. मिळून ४५,३६०. ३७.६६ ग्रॅमपैकी ३६ ग्रॅम तोड्यांत गेले, १.६६ ग्रॅम सोनं परत मिळालं, त्याची किंमत १६,६०० रुपये. म्हणजे खरा खर्च २८,७६०. मोडीपेक्षा ९,९३६ रुपये कमी. दर १८ टक्के लागला तर कर ७,७७६ होतो आणि खरा खर्च ३४,३७६, तरीही मोडीपेक्षा ४,३२० रुपये कमीच.

इथपर्यंत तिसरा दुकानदार जिंकतो. आता घट आणा. घडणावळीच्या कामात सोन्याची घट धरायची पद्धत जुनी आहे. समजा तो म्हणाला, “३ टक्के घट.” ३६ ग्रॅमवर ३ टक्के म्हणजे १.०८ ग्रॅम. तुम्हाला परत मिळतात फक्त ०.५८ ग्रॅम, ५,८०० रुपयांचे. खर्च झाला ३९,५६०. मोडीपेक्षा ८६४ रुपये जास्त, आणि तेही ५ टक्के दर धरून. ३ टक्के घट म्हणजे धातूवरच्या ३ टक्के कराएवढीच रक्कम आहे, फक्त ती सरकारला न जाता दुकानात राहते. ‘सोन्यावर कर नाही’ हे खरं असूनही तुमच्या हाती काही उरत नाही ते यामुळे.

कापणं, कानस मारणं, पॉलिश यांत सोनं कमी होतं हे खरं. पण सोनाराच्या दुकानातली कीस आणि केरसुद्धा जपून ठेवतात, झारेकरी तो धुऊन त्यातलं सोनं काढतात, त्यामुळे वजनाची जी तूट दिसते ती सगळी वाया जात नाही. शिवाय नव्या तोड्यांच्या १२ टक्के घडणावळीत घट आधीच धरलेली असते. ती १२ टक्के घडणावळ तशीच ठेवून वर वेगळी घट मागितली, तर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा जातात. घट हवी असेल तर मजुरी ग्रॅमच्या हिशेबाने कमी असली पाहिजे. समजा ग्रॅमला ६०० रुपये मजुरी आणि ३ टक्के घट: मजुरी २१,६००, तिच्यावर ५ टक्के म्हणजे १,०८०, आणि घटीचं सोनं १०,८०० रुपयांचं. हे परवडतं. १२ टक्के आणि ३ टक्के एकत्र परवडत नाही.

तुमच्या तोड्यांसाठी सीमारेषा अशी येते. घडणावळ दोन्हीकडे सारखी असेल, तर ५ टक्के दराने साधारण १ ग्रॅमपर्यंत, म्हणजे पावणेतीन टक्क्यांपर्यंतची घट चालेल. १८ टक्के दराने ०.४३ ग्रॅम, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आतबाहेर. याच्या वर गेलं की मोडीचाच रस्ता धरा. भाव बदलला तरी ही टक्केवारी जवळपास तशीच राहते, कारण घडणावळ आणि कर दोन्ही टक्क्यांत आहेत.

आणखी एक गोष्ट आहे जिथे बिलं बिघडतात. दुकानदार पाटल्या घेतो आणि काउंटरमधले तयार तोडे हातात देतो, म्हणतो “सोनं तुमच्या बदल्यात गेलं, मजुरी तेवढी द्या.” तोडे तुमच्या सोन्याचे घडलेले नाहीत. ते दुकानाचे होते, तुम्ही किंमत सोन्यात दिलीत. ही विक्रीच आहे आणि पूर्ण किमतीवर ३ टक्के लागतो. असं बिल नुसत्या मजुरीचं असेल, तर तोडे खरेदी केल्याचा कागदच तुमच्याकडे राहत नाही. उद्या ते बदलायला किंवा तक्रार करायला गेलात तर हातात काय असेल? बिलावरचा कोड बघितला की व्यवहार कुठला ते कळतं. दागिन्याच्या विक्रीला ७११३ कोड असतो आणि सोन्याची किंमत लिहिलेली असते. घडवण्याच्या कामाला ९९८८ असतो आणि सोन्याची किंमत नसते, फक्त वजनाचा उल्लेख असतो.

घडवून घ्यायचं ठरवलंत तर पाटल्या देताना दुकानात बसून राहा. आधी प्रत्येक पाटलीचं वजन मिलीग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करून घ्या. मग समोर वितळवायला सांगा, लगडीचं वजन घ्या, तिचा टच घ्या आणि ही सगळी वजनं पावतीवर लिहून घ्या. त्याच पावतीवर ९१६ च्या हिशेबाने किती ग्रॅम जमा झाले, तोडे किती ग्रॅमचे होणार, घट किती, मजुरी ग्रॅमला किती, कराचा दर कोणता आणि उरलेलं सोनं परत देणार की त्याचे पैसे, हे लिहून घ्या. टच ९१.६ च्या खाली असला तर नुसतं वितळवून भागत नाही. सोनं शुद्ध करावं लागतं किंवा त्यात चोख सोनं घालावं लागतं. त्याचा खर्च वेगळा लावणार असतील तर तोही आकडा आत्ताच ठरवा. लगडीचं सोनं कमी पडलं आणि दुकानाने भर घातली, तर ती भर विक्री आहे आणि तिच्यावर ३ टक्के लागतो. मी तर म्हणेन की कमी पडणारं सोनं तुम्ही आधीच नाणं म्हणून ३ टक्क्यांच्या पक्क्या बिलाने घ्या आणि मग पाटल्यांसोबत द्या. त्यामुळे सोनं कोणाचं आणि मजुरी किती, याचा गोंधळ होत नाही.

कारागीर लहान असेल, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मग तो बिलात जीएसटी लावू शकत नाही आणि त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा, जेव्हा नोंदणी नाही तरी कराची ओळ बिलावर आहे. नोंदणी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘Search Taxpayer’ मध्ये टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं. तिथे दुकान कंपोझिशन योजनेत दिसलं, तर तेही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही.

आयकराची बाजू थोडक्यात. मोडीत दिलेल्या पाटल्या म्हणजे विक्री, आणि तिच्यावर भांडवली नफा निघू शकतो. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीत सोनं २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ घरात असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर. वारशाने किंवा भेट म्हणून आलेल्या सोन्याला सासूबाईंची खरेदीची किंमत धरतात, आणि १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. ३७.६६ ग्रॅमच्या पाटल्यांवर हा आकडा लहान नसतो. तेच सोनं घडवायला दिलं तर विक्री झालेलीच नसते आणि हा प्रश्न येत नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही. माझ्या मते मोड की घडण हे ठरवताना तुमच्या सीएला हा एक प्रश्न विचारणं घटीइतकंच महत्त्वाचं आहे.

हॉलमार्कचंही आधी बोलून घ्या. नवीन तोडे विकत घेतले तर त्यावर बीआयएसचं चिन्ह, २२के९१६ आणि सहा अंकाक्षरी एचयूआयडी असलाच पाहिजे, आणि तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. हॉलमार्किंगचं शुल्क दागिन्यामागे ४५ रुपये आणि वर १८ टक्के, म्हणजे ५३ रुपये १० पैसे, तेव्हा त्या नावाखाली शेकड्यांत रक्कम लावली असेल तर विचारा. घडवून घेतलेल्या तोड्यांवर “हे विकलेले नाहीत, हॉलमार्क नाही” असं उत्तर येऊ शकतं. तसं असेल तर तोडे हातात आल्यावर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात स्वतः न्या. चार डागांपर्यंतच्या तपासणीला २०० रुपये लागतात, कर वेगळा. ९१६ ऐवजी ८९० किंवा ९०० आला, तर पावतीवर लिहून घेतलेल्या ‘९१६ चे ३६ ग्रॅम’ या शब्दांवर तुम्ही दुकानदाराला धरू शकता. म्हणून ते शब्द पावतीवर आल्याशिवाय पाटल्या वितळवायला देऊ नका.